गृहिणीच्या नावावरच्या ठेवींचे व्याज: कर नेमका कोणी भरायचा?

अंगणातली_तुळस, देवगड · ३ ऑगस्ट २०२५

नमस्कार. माझे वय ४७ आहे. मी नोकरी किंवा व्यवसाय करत नाही आणि माझ्या नावावर वर्षभरात जे काही येते ते केवळ व्याज असते. गेल्या आठवड्यात पासबुके भरून आणली (इथल्या खाऱ्या हवेत आधीच्या पानांची शाई इतकी पुसट झाली आहे की वर्षातून एकदा सगळे वहीत उतरवून ठेवावे लागते) तेव्हा बँकेच्या आवर्त ठेवीच्या उताऱ्यात TDS अशी एक ओळ दिसली आणि त्यापुढे ४,१४० रुपयांची कपात.

एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षाचे माझे व्याज असे आहे. बँकेच्या बचत खात्यावर ७,४०० रुपये आणि पोस्टाच्या बचत खात्यावर ३,१०० रुपये मिळाले. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ९ लाख रुपये आहेत, त्यांचे दरमहा ५,५५० प्रमाणे ६६,६०० रुपये आले. बँकेत दोन आरडी आहेत, एक २०,००० रुपये हप्त्याची आणि दुसरी ५,००० रुपये हप्त्याची, त्या दोन्हींचे मिळून ४१,४०० रुपये धरले गेले. एकूण बेरीज १,१८,५०० रुपये होते.

तीन लाखांपर्यंत कर नसताना ही कपात का झाली, ती परत कशी मिळवायची, आणि पुढच्या वर्षी १५जी भरून दिला तर ती टळेल का, एवढेच विचारायचे आहे.

चिपळूणची_अल्पबचत · ३ ऑगस्ट

ताई, मी गेली पंधरा वर्षे पोस्टाच्या आरडीची एजंट आहे, त्यामुळे हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. पोस्टाचे व्याज करमुक्त असते, म्हणून त्यावर कधीही कपात होत नाही, हे तुमच्याच पासबुकात दिसेल. बँकेच्या व्याजापैकी १०,००० रुपये माफ असतात. राहिलेल्या रकमेसाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात १५जी देऊन टाकला की विषय संपतो. तुम्ही यंदा तो द्यायला विसरलात, एवढीच चूक झाली आहे.

सड्यावरचा · ३ ऑगस्ट

आता बारा लाखांपर्यंत करच राहिलेला नाही. विवरणपत्र भरा, ४,१४० रुपये मागा, महिन्याभरात खात्यात जमा होतील. आमच्या सौभाग्यवतींचे दरवर्षी असेच येतात.

खाडीकाठ, रत्नागिरी · ४ ऑगस्ट

वरच्या दोन्ही उत्तरांत थोडे बरोबर आहे आणि थोडे घसरलेले आहे, म्हणून आधी ते निस्तरतो.

बारा लाखांची सवलत एप्रिल २०२५ पासूनच्या उत्पन्नाला आहे. ताईंचा प्रश्न त्याच्या आदल्या वर्षाचा आहे, आणि त्या वर्षी नव्या पद्धतीत मूळ सूट ३ लाखांची आणि सवलतीची कमाल ७ लाखांची होती. दहा हजारांची वजावट फक्त बचत खात्याच्या व्याजाला आणि तीही जुनी पद्धत निवडली तरच मिळते. आरडीला ती साठ वर्षांखालील व्यक्तीला कोणत्याच पद्धतीत मिळत नाही. पोस्टाच्या बचत खात्याचे व्याज एका नावाच्या खात्यावर वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत आणि संयुक्त खात्यावर ७,००० रुपयांपर्यंत खरोखरच करमुक्त आहे, त्यामुळे ताईंचे ३,१०० रुपये बाजूला ठेवता येतात. परंतु मासिक उत्पन्न योजनेचे व्याज पूर्णपणे करपात्र आहे. त्यावर कपात होत नाही एवढ्यावरून ते करमुक्त ठरत नाही. या एका गैरसमजापायी मी इतक्या नोटिसा हाताळल्या आहेत की पोस्टाच्या खिडकीवर तशी पाटीच लावावी असे मला वाटते.

कपात का झाली, याचे उत्तर सोपे आहे. त्या वर्षी एका बँकेतील मुदतीच्या आणि आवर्त ठेवींचे मिळून व्याज ४०,००० रुपयांच्या वर गेले की कपात लागू होत असे, आणि ती मर्यादेच्या वरच्या रकमेवर न होता संपूर्ण व्याजावर दहा टक्क्यांनी होते. ताईंची मर्यादा १,४०० रुपयांनी ओलांडली गेली आणि कपात ४१,४०० रुपयांवर झाली.

आता खरा प्रश्न, जो कोणीच विचारलेला नाही. ताई, मासिक योजनेतले ९ लाख आणि आरडीचे २०,००० रुपये हे पैसे मुळात कोठून आले? ते समजल्याखेरीज १५जी द्या किंवा परतावा मागा, यांतले काहीही सांगणे योग्य होणार नाही.

अंगणातली_तुळस, देवगड · ४ ऑगस्ट

खाडीकाठ काका, हे विचारले जाईल असे वाटले नव्हते, परंतु लपवण्यासारखे काही नाही.

माझ्या वडिलांच्या पश्चात भावांनी कलमांच्या बागेचा एक तुकडा विकला आणि त्यातील माझ्या वाट्याचे ५ लाख रुपये धनादेशाने दिले. त्यात यजमानांनी स्वतःच्या थकबाकीच्या रकमेतून ४ लाख घातले आणि मे २०२३ मध्ये मासिक उत्पन्न योजनेचे खाते एकट्या माझ्या नावाने उघडले. २०,००० रुपयांची आरडी एप्रिल २०२२ ची आहे, मुदत पाच वर्षे, आणि तिचा हप्ता यजमानांच्या पगाराच्या खात्यातून माझ्या खात्यात येऊन तसाच पुढे वळता होतो. ५,००० रुपयांची आरडी मी जून २०२३ मध्ये, मासिक योजनेचे जे ५,५५० रुपये येतात त्यांतून सुरू केली. मोठीचे व्याज ३५,६०० रुपये आणि धाकटीचे ५,८०० रुपये आहे.

यजमान कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक आहेत. प्रमाणित वजावट जाऊन त्यांचे करपात्र उत्पन्न सुमारे १०,६०,००० रुपये होते, पद्धत नवी. त्यांनी आपले विवरणपत्र जूनमध्येच भरले आहे.

खाडीकाठ, रत्नागिरी · ५ ऑगस्ट

इतके स्वच्छ उत्तर क्वचितच मिळते, म्हणून सविस्तर लिहितो.

आयकर कायद्याचे कलम ६४ असे सांगते की पतीने पत्नीला पुरेशा मोबदल्याशिवाय एखादी मालमत्ता दिली, तर त्या मालमत्तेतून येणारे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळवायचे. पत्नीला पैसे देण्यास कोणतीही बंदी नाही आणि त्या देणगीवर पत्नीला करही लागत नाही, परंतु त्या पैशाचे व्याज करापुरते पतीचे राहते. ठेवीवर नाव कोणाचे आहे याला इथे महत्त्व नाही. बँक कपात करताना नाव आणि पॅन पाहते, कायदा कर लावताना पैशाचा उगम पाहतो, आणि ताईंचा सगळा गुंता या दोन नजरांमधल्या अंतराचा आहे.

हे त्यांच्या आकड्यांना लावून पाहू. मासिक योजनेच्या ९ लाखांपैकी ५ लाख माहेरचे आहेत, म्हणून ६६,६०० रुपयांचे नऊ भाग करून पाच भाग, म्हणजे ३७,००० रुपये ताईंचे आणि २९,६०० रुपये यजमानांचे. मोठ्या आरडीचा प्रत्येक हप्ता पगारातून आला, म्हणून तिचे ३५,६०० रुपये पूर्णपणे यजमानांचे. धाकटी आरडी मात्र वेगळी आहे. तिच्यात गेलेला पैसा हे व्याज आहे. त्या व्याजातला यजमानांचा हिस्सा त्यांच्या उत्पन्नात एकदा मिळवून झाला की त्या व्याजावर पुढे जे व्याज सुटते ते पुन्हा त्यांच्याकडे जात नाही, ते पत्नीचेच राहते. म्हणून ५,८०० रुपये सर्वच्या सर्व ताईंचे.

अशा रीतीने ताईंचे स्वतःचे करपात्र व्याज ३७,००० अधिक ५,८०० अधिक बँकेच्या बचत खात्याचे ७,४०० मिळून ५०,२०० रुपये होते. त्यावर कर नाही, आणि विवरणपत्र भरण्याची सक्तीही नाही. यजमानांच्या उत्पन्नात मात्र २९,६०० आणि ३५,६०० मिळून ६५,२०० रुपये वाढतात. ते त्या वर्षीच्या १५ टक्क्यांच्या टप्प्यात येतात, म्हणून कर ९,७८० रुपये आणि उपकर धरून सुमारे १०,१७१ रुपये.

ताईंनी विचारले होते ४,१४० रुपये परत कसे मिळतील. उत्तर असे निघते की घराला आणखी भरावे लागणार आहेत. मला त्याचे वाईट वाटते, परंतु आकडे हेच सांगतात.

चिपळूणची_अल्पबचत · ५ ऑगस्ट

हे वाचून मला धक्का बसला. माझ्याकडच्या दीडशे खातेदार स्त्रियांपैकी निदान शंभर जणींचा हप्ता नवऱ्याच्या खिशातून येतो. तुमच्या हिशेबाने त्या सर्वांचे व्याज नवऱ्यांचे झाले. मग स्त्रियांसाठी वेगळी सूट असते ती कशासाठी?

खाडीकाठ, रत्नागिरी · ५ ऑगस्ट

स्त्रियांची वेगळी वाढीव मर्यादा २०१२-१३ या आर्थिक वर्षापासून काढून टाकलेली आहे. त्या काळी आपण एजन्सी घेतली असेल तर ती डोक्यात राहणे स्वाभाविक आहे.

आपल्या शंभर जणींविषयी म्हणाल, तर होय, पैसा नवऱ्याने ठेवीसाठी म्हणून दिलेला असेल तर व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात जाते. त्यांतील बहुतेकींच्या नवऱ्यांचे उत्पन्नच करपात्र मर्यादेखाली असेल, त्यामुळे व्याज कोणाच्याही नावावर धरले तरी कर शून्यच राहतो. प्रश्न उभा राहतो तो ताईंसारख्या, पगारदार आणि कर भरणाऱ्या घरात.

सड्यावरचा · ६ ऑगस्ट

काका, पुस्तकातला कायदा ठीक आहे, परंतु न्यायालयांनी गृहिणींची बाजू घेतलेली आहे. आग्र्याच्या न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की घरखर्चातून साठवलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेवर गृहिणीला कर नाही. ताईंचे व्याज अडीच लाखांच्या कितीतरी आत आहे. यापुढे चर्चा कशाला?

खाडीकाठ, रत्नागिरी · ६ ऑगस्ट

तो निकाल मी वाचलेला आहे. तो २०१६ च्या नोटाबंदीत गृहिणीने बँकेत भरलेल्या रोख रकमेविषयी होता. ही रोकड आली कोठून, ती अघोषित उत्पन्न मानायची का, एवढाच मुद्दा होता, आणि घरखर्चातील बचत म्हणून ती मान्य झाली. न्यायाधिकरणाने तो निर्णय नोटाबंदीच्या काळातील रोख भरण्यापुरताच ठेवला आहे. व्याजावर कर नाही असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

तरीही आपल्या म्हणण्यात एक धागा खरा आहे, तो मी सोडू इच्छित नाही. नवऱ्याने घर चालवण्यासाठी पैसे दिले आणि बायकोने काटकसर करून त्यांतून काही राखले, तर ती राखलेली रक्कम तिची स्वतःची मानावी, या बाजूने जुने न्यायनिर्णय आहेत. ताईंच्या बचत खात्याचे ७,४०० रुपये मी त्यांच्या बाजूला धरले ते याच कारणाने. परंतु दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला पगाराच्या खात्यातून बरोबर २०,००० रुपये यावेत आणि त्याच दिवशी आरडीत जावेत, याला घरखर्चातील काटकसर म्हणता येणार नाही. खात्याचा उताराच त्याविरुद्ध साक्ष देईल.

दर्यावर्दीची_सखी, दापोली · ७ ऑगस्ट

माझे यजमान मालवाहू जहाजावर आहेत आणि वर्षातील आठ-नऊ महिने समुद्रावर असल्याने अनिवासी ठरतात. त्यांचा पगार भारतात करपात्र नाही. ते माझ्या बचत खात्यात महिन्याला ६०,००० रुपये पाठवतात. त्यांतून घर, सासूबाईंची औषधे आणि मुलाची शाळा चालते, आणि मला जमेल तेव्हा, कधी ५,००० तर कधी १५,००० रुपये, मी मुदत ठेवीत टाकते. आमच्यात तर कोणीच कर भरत नाही, मग हे कलम आम्हाला लागते का?

खाडीकाठ, रत्नागिरी · ७ ऑगस्ट

पती अनिवासी असला तरी कलम लागते. ठेव भारतातील असल्याने तिचे व्याज भारतातच करपात्र ठरते, आणि ते त्यांचे मानले गेले तर त्यांच्या भारतातील उत्पन्नात मिळवावे लागेल. परंतु आपल्या बाबतीत ते त्यांचे मानावे का, याविषयी मी ठाम नाही. पैसे घरखर्चासाठी येतात, ठेव आपण स्वतःच्या निर्णयाने करता आणि रक्कम दरवेळी वेगळी असते, या गोष्टी काटकसरीच्या बाजूने जातात. दुसरीकडे, दरमहा इतके उरत असेल तर पाठवतानाच ठेवीचा हेतू होता असे एखादा अधिकारी म्हणू शकेल. घरखर्चाच्या नोंदी ठेवा, एवढे नक्की सांगतो.

तेरेखोलपलीकडे, पेडणे · ७ ऑगस्ट

तुमचा वाद वाचताना गंमत वाटली, कारण नदी ओलांडून आमच्याकडे आले की चित्रच बदलते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेखाली येणाऱ्या जोडप्यांना आयकराचे कलम ५अ लागते. पगार ज्याचा त्याच्याकडे राहतो, परंतु व्याजासारखे उत्पन्न पती-पत्नीत निम्मे-निम्मे विभागून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवतात. पैसे कोणी ठेवले यावर आम्ही भांडत नाही. अर्थात साधा आयटीआर-१ आम्हाला चालत नाही, तेवढी किंमत मोजावी लागते.

अंगणातली_तुळस, देवगड · ९ ऑगस्ट

सर्वांचे आभार. काल यजमानांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी सर्वांत आधी सड्यावरच्या दादांचाच मार्ग सुचवला, की सगळे व्याज तुझे दाखव, १५जी देत जा, आपण काही काळा पैसा लपवत नाही.

म्हणून आज बँकेतून १५जीचा कोरा कागद आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खालपर्यंत वाचला. आतापर्यंत मी जिथे फुली केलेली असे तिथे सही करून परत देत आले. सहीच्या वरच्या परिच्छेदात बारीक अक्षरात असे प्रतिज्ञापन आहे की या कागदात लिहिलेले उत्पन्न कलम ६० ते ६४ खाली दुसऱ्या कोणाच्या उत्पन्नात मिळवण्याजोगे नाही. काकांनी ६४ चा आकडा लिहिला नसता तर ती ओळ माझ्या नजरेखालून तशीच निघून गेली असती. यजमानांनी ती दोनदा वाचली आणि कागद घडी घालून ठेवला.

मग मी १५जी देऊच शकत नाही का? आणि कपात झालेल्या ४,१४० रुपयांचे काय करायचे?

खाडीकाठ, रत्नागिरी · ९ ऑगस्ट

आपण नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवलेत. माझ्या अनुभवात दहांपैकी नऊ जणी ती वाचत नाहीत आणि खिडकीपलीकडचा कर्मचारीही ती दाखवत नाही. त्या प्रतिज्ञापनाखाली मोठ्या आरडीसाठी सही करणे म्हणजे खोटे लिहून देणे होईल, आणि त्यासाठी कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. धाकटी आरडी किंवा माहेरच्या पैशांतून उद्या केलेली एखादी ठेव यांच्यासाठी आपण १५जी बिनधास्त देऊ शकता. सासूबाईंसारख्या साठीपुढच्यांसाठी १५एच हा वेगळा कागद असतो, त्याच्यात कोणी गल्लत करू नये.

कपातीचे आता पाहू. ४,१४० रुपयांपैकी ५८० रुपये धाकट्या आरडीपोटी, म्हणून आपले, आणि ३,५६० रुपये मोठ्या आरडीपोटी, म्हणून यजमानांचे. व्याज ज्याच्या उत्पन्नात गेले, कपातीचे श्रेयही त्यालाच मिळावे, असे आयकर नियम ३७बीए सांगतो. त्याची सरळ वाट अशी की आपण बँकेला लेखी निवेदन द्यायचे, ज्यात यजमानांचे नाव, पत्ता, पॅन, ठेवीचा तपशील आणि श्रेय त्यांना का द्यायचे याचे कारण असेल. मग बँकेने कपातीची नोंद त्यांच्या पॅनवर करायची. पुढील वर्षांसाठी हे आजच द्या. कपातीची मर्यादा एप्रिलपासून ५०,००० रुपये झाली असली तरी आपल्या आरडी ज्या वेगाने वाढत आहेत, ते पाहता दोन्हींचे मिळून व्याज यंदा साठ हजारांच्या आसपास जाईल आणि पुन्हा कपात होईल.

गेल्या वर्षाची नोंद मात्र होऊन गेली आहे. ती बदलण्यासाठी बँकेला दुरुस्तीचे पत्रक भरावे लागते आणि त्याला बँका सहसा राजी होत नाहीत. तेव्हा विवरणपत्रांतूनच मार्ग काढायचा. यजमानांनी जूनमध्ये आयटीआर-१ भरला असणार. त्या फॉर्ममध्ये पत्नीचे व्याज मिळवता येते, परंतु दुसऱ्याच्या पॅनवर झालेल्या कपातीचे श्रेय मागता येत नाही. म्हणून त्यांनी आयटीआर-२ मध्ये सुधारित विवरणपत्र भरावे, ६५,२०० रुपये इतर उत्पन्नात मिळवावेत, कपातीच्या तक्त्यात आपला पॅन देऊन ३,५६० रुपये मागावेत आणि उरलेले सुमारे ६,६११ रुपये भरावेत. आपणही आयटीआर-२ भरावा, त्यात ५८० रुपये स्वतः मागावेत आणि ३,५६० रुपये दुसऱ्या व्यक्तीकडे गेल्याचे दाखवावे, म्हणजे दोन्ही बाजू जुळतील. यंदा साध्या विवरणपत्राची मुदत १५ सप्टेंबर आहे, सुधारित ३१ डिसेंबरपर्यंत चालते.

आयकर पोर्टलवर आपल्या एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहितीपत्रकात, मोठ्या आरडीचे आणि मासिक योजनेचे व्याज आपल्या पॅनसमोर दिसेल. तिथे त्या ओळीवर अभिप्राय देण्याची सोय असते, त्यातील `Information relates to other PAN/Year` हा पर्याय निवडून यजमानांचा पॅन आणि त्यांच्या वाट्याची रक्कम भरावी.

सड्यावरचा · ९ ऑगस्ट

५८० रुपयांसाठी दोन आयटीआर-२? कोणी सल्लागार केला तर त्याची फीच त्याहून जास्त होईल. शिवाय एक शंका आहे. व्याजावरचे व्याज बायकोचे असते असे तुम्हीच म्हणालात. मग मोठ्या आरडीतही दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळते, त्यावरचे व्याज ताईंचे का नाही?

खाडीकाठ, रत्नागिरी · १० ऑगस्ट

शंका अगदी रास्त आहे. तत्त्वाने ते ताईंचे आहे. परंतु बँक हप्त्याचे व्याज आणि व्याजावरचे व्याज असे वेगळे आकडे देत नाही, म्हणून मी ३५,६०० रुपये सरसकट यजमानांकडे धरले. कोणी तिमाहीवार तक्ता मांडून तेवढा भाग वेगळा काढला तर त्याला मी चूक म्हणणार नाही. फीविषयी आपण म्हणता ते व्यवहाराला धरून आहे, आणि ५८० रुपये सोडून देण्याचा ताईंना पूर्ण अधिकार आहे. ६५,२०० रुपये यजमानांच्या उत्पन्नात दाखवायचे की नाही, हा मात्र मर्जीचा भाग नाही.

आपल्या बारा लाखांविषयीही एक शब्द. चालू वर्षात यजमानांचे उत्पन्न व्याज मिळवून बारा लाखांच्या आत राहिले तर सवलतीमुळे कर शून्य होईल आणि हे सगळे फक्त कागदोपत्री उरेल. पण बारा लाख मोजताना पत्नीचे मिळवलेले व्याज धरूनच मोजायचे असते. पगारवाढ किंवा पुन्हा एखादी थकबाकी आली की ती रेषा जवळ येते.

चिपळूणची_अल्पबचत · १० ऑगस्ट

माझा एक प्रश्न राहिला आहे, आणि यावेळी तो माझ्या स्वतःच्या घरचा आहे. माझ्या जाऊबाईंची पोस्टाची ५,००० रुपयांची आरडी सप्टेंबर २०२० मध्ये ५.८ टक्क्यांनी सुरू झाली, ती पुढच्या महिन्यात पूर्ण होते. भरले ३ लाख, मिळणार सुमारे ३,४८,४८०. हे साडेअठ्ठेचाळीस हजार एकाच वर्षाचे उत्पन्न धरायचे की पाच वर्षांत विभागायचे? पोस्टाने मधल्या वर्षांत कधी कपात केलेली नाही आणि व्याजाचा दाखलाही दिलेला नाही.

खाडीकाठ, रत्नागिरी · ११ ऑगस्ट

यावर दोन मते आहेत. ज्या व्यक्ती हिशेबाच्या वह्या ठेवत नाहीत त्या हातात पैसा आला त्या वर्षी उत्पन्न दाखवतात, आणि मी स्वतः आजवर तसेच करत आलो आहे. पण मग सगळ्याच ठेवींना तीच पद्धत लावायची, सोयीनुसार बदलायची नाही. बँकेच्या आरडीवर दरवर्षी कपात होते, म्हणून तिथे दरवर्षी दाखवणेच सोयीचे पडते, आणि एकाच व्यक्तीकडे दोन्ही प्रकार असतील तर अडचण होते. जाऊबाईंचे दुसरे उत्पन्न नसेल आणि हप्ते त्यांच्या स्वतःच्या पैशांतून गेले असतील तर दोन्ही रीतींनी कर शून्यच आहे. हप्ते दिरांनी भरले असतील तर वर्ष कोणते धरले यावर दिरांचा कर बदलू शकेल.

चिपळूणची_अल्पबचत · ११ ऑगस्ट

हप्ते भाऊजींनीच भरले आहेत. त्यांच्याशी बोलून लिहिते.

अंगणातली_तुळस, देवगड · २२ ऑगस्ट

काय झाले ते कळवते. बँकेत निवेदन घेऊन गेले. तेथील साहेबांनी नियम ३७बीए पहिल्यांदाच ऐकला, असे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले. ते निवेदन वरच्या कार्यालयात पाठवणार आहेत आणि गेल्या वर्षाच्या नोंदीत बदल होणार नाही हे त्यांनी तोंडी स्पष्ट केले. मी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. १५जी फक्त धाकट्या आरडीसाठी द्यायचा म्हटले तेव्हा ते म्हणाले की त्यांच्या संगणकात तो ग्राहकाच्या नावावर एकदाच नोंदला जातो आणि सगळ्या ठेवींना लागू होतो. तेव्हा तो दिलाच नाही. यावर कोणाला उपाय माहीत असेल तर सांगावा.

यजमानांनी काल सुधारित आयटीआर-२ भरला आणि ६,६११ रुपयांचे चलन केले. माझे विवरणपत्र अजून भरायचे आहे. शिवाय मोठ्या आरडीच्या पासबुकावर मी पेन्सिलने यजमानांचे नाव लिहून ठेवले आहे, म्हणजे एप्रिल २०२७ मध्ये ती मोडून पैसे कोठे ठेवायचे हे ठरवताना विसर पडणार नाही.

दर्यावर्दीची_सखी, दापोली · २३ ऑगस्ट

तुळसताई, १५जीच्या बाबतीत माझ्या बँकेत अर्जावर ठेवीचा क्रमांक लिहून घेतात आणि तेवढ्याच ठेवीला तो लावतात. आपल्या इथे तो रकाना कोरा सोडला जातो का, ते एकदा पाहा. मी आजपासून घरखर्चाची वही सुरू केली आहे. पहिली नोंद सासूबाईंच्या औषधांची, २,३४० रुपये.